दुर्र्या काढल्या की फ्लश मोठा होतो

पाच पानांच्या हातात फुल हाऊस मोठे की फ्लश मोठा, हा वाद आमच्याकडे तळकोकणात गणपतीच्या जागरणात हमखास रंगतो, कारण मुंबईहून येणारी चाकरमान्यांची मुले फोनवर शिकलेला पोकर बरोबर घेऊन येतात आणि मेंढीकोटात केस पांढरे केलेल्या मंडळींना तो चिंचोके लावून शिकवतात. मुले सांगतात की फुल हाऊस मोठे. वडीलधाऱ्यांना ते पटत नाही. "पाचय पानां एकाच रंगाची गावणा सोपा आसा काय?" असा त्यांचा सवाल असतो, आणि त्यावर मुलांकडे "नियमच तसा आहे" यापलीकडे उत्तर नसते. माझे मत असे की या वादात दोन्ही बाजूंनी एक गोष्ट विचारायची राहून जाते : खेळता आहात तो कॅट किती पानांचा आहे?

आधी पूर्ण ५२ पानांचा हिशेब करू. फ्लश म्हणजे पाचही पाने एकाच रंगाची, म्हणजे सगळी इस्पिक, सगळी बदाम, सगळी चौकट किंवा सगळी किलवर. फुल हाऊस म्हणजे एका किमतीची तीन पाने आणि दुसऱ्या किमतीची दोन, उदाहरणार्थ तीन राजे आणि दोन सत्त्या. कोणते पान आधी आले आणि कोणते नंतर, याला महत्त्व नाही. हातात शेवटी कोणती पाच पाने आहेत एवढेच मोजायचे. असे एकूण २५,९८,९६० वेगवेगळे हात होतात.

फ्लश मोजणे सोपे आहे. एका रंगात १३ पाने असतात. त्यांतली पाच एकामागून एक उचलायची तर १३ × १२ × ११ × १० × ९ म्हणजे १,५४,४४० प्रकार होतात. पण तीच पाच पाने १२० वेगवेगळ्या क्रमांनी येऊ शकतात, म्हणून १२० ने भागले की १,२८७ उरतात. रंग चार, म्हणून ५,१४८. यांत ओळीने लागलेली पाच पानेही आली, ज्यांचा मान वेगळा आणि वरचा असतो. एक्का खाली आणि वर अशा दोन्ही टोकांना चालतो असे धरले, तर प्रत्येक रंगात अशा १० ओळी लागतात, चार रंगांत ४०. त्या वगळल्या की निव्वळ फ्लश राहतात ५,१०८.

खरी गोची फुल हाऊस मोजताना होते. पुष्कळ जण म्हणतात, १३ किमतींतून दोन किमती निवडायच्या, त्याचे ७८ प्रकार. एकीची तीन पाने घ्यायची त्याचे चार प्रकार, कारण चारांतले एक पान सोडायचे. दुसरीची दोन घ्यायची त्याचे सहा प्रकार, म्हणजे इस्पिक-बदाम, इस्पिक-चौकट, इस्पिक-किलवर, बदाम-चौकट, बदाम-किलवर आणि चौकट-किलवर. गुणाकार येतो १,८७२. हा आकडा बरोबर निम्मा आहे. "राजा आणि सत्ती" अशी जोडी निवडली, पण तीन कोणाचे आणि दोन कोणाचे हे ठरवलेच नाही. तीन राजे व दोन सत्त्या हा एक हात, आणि तीन सत्त्या व दोन राजे हा सर्वस्वी दुसरा. दोन जोड्यांच्या हातात, म्हणजे दोन राजे, दोन सत्त्या आणि एक सुटे पान असते तिथे, दोन्ही किमतींची भूमिका सारखीच असते, म्हणून तिथे ७८ हाच आकडा योग्य. फुल हाऊसमध्ये मात्र भूमिका वेगळ्या आहेत. म्हणून तीन पानांची किंमत १३ प्रकारे आणि दोन पानांची उरलेल्या १२ प्रकारे, असे १५६ धरायचे. १५६ × ४ × ६ म्हणजे ३,७४४.

शंका असेल त्याने दुसऱ्या वाटेने पडताळून पाहावे. मोजणीत मला स्वतःला याच सवयीवर सर्वांत जास्त भरवसा वाटतो. एकाच किमतीची तीन पाने असे ५२ संच होतात. ते बाजूला ठेवल्यावर दुसऱ्या किमतींची ४८ पाने उरतात. त्यांतले कोणतेही एक घ्या, त्याचा जोडीदार तिघांपैकी एक, आणि प्रत्येक जोडी दोनदा मोजली गेली म्हणून निम्मे करा : ४८ × ३ ÷ २ म्हणजे ७२. आणि ५२ × ७२ म्हणजे पुन्हा ३,७४४.

तेव्हा ५२ पानांत फ्लश सरासरी ५०९ हातांत एकदा आणि फुल हाऊस ६९४ हातांत एकदा येते. फुल हाऊस दुर्मीळ, म्हणून ते मोठे. मुले जिंकली, पण फरक किती थोडा आहे तेही पाहावे. "आम्ही इतकी वर्षे खेळतो, आम्हाला अनुभवाने कळते" असे कोणी म्हणाले तर त्यावर विश्वास ठेवू नये. दहा हजार हात वाटले तरी सरासरीने फ्लश वीसेक आणि फुल हाऊस चौदा-पंधरा येतील, आणि नशिबाच्या चढउतारामुळे सुमारे पाचांत एकदा फुल हाऊसची संख्या फ्लशच्या बरोबरीची किंवा त्याहून जास्तच भरेल. रात्रभराच्या खेळातून हा निकाल लागत नाही. तो कागदावरच लागतो.

आता ओटीवरची प्रत्यक्ष परिस्थिती बघा. सहा भिडूंचा मेंढीकोट खेळायचा तर ५२ पाने सारखी वाटली जात नाहीत, म्हणून चारही दुर्र्या काढून प्रत्येकाला आठ-आठ पाने देतात. काढलेल्या दुर्र्या कोणीतरी समईशेजारच्या पाटाखाली सारून ठेवतो, पावसाळी हवेने सर्दावलेला उरलेला कॅट फेऱ्यामागून फेरी पिसला जातो, आणि मोठी माणसे भजनाला उठली की मुले त्याच ४८ पानांवर पोकर मांडतात. दुर्र्यांची आठवण कोणालाच नसते. आणि नेमका तिथेच नियम डळमळतो.

आता किमती १२ राहिल्या. फुल हाऊस : १२ × ११ × ४ × ६ म्हणजे ३,१६८. फ्लश : १२ पानांतून पाच निवडण्याचे ७९२ प्रकार, गुणिले चार रंग, म्हणजे ३,१६८. दोन्ही आकडे तंतोतंत सारखे! मी हे पहिल्यांदा मांडले तेव्हा गुणाकार पुन्हा तपासला होता, पण यात चूक नाही. अजून ओळीने लागलेले फ्लश वगळायचे आहेत. तिर्रीपासून एक्क्यापर्यंत प्रत्येक रंगात आठ ओळी लागतात, चार रंगांत ३२. ते गेले की फ्लश उरतात ३,१३६, म्हणजे फुल हाऊसपेक्षा ३२ कमी. त्या कॅटवर फ्लश दुर्मीळ आहे, तोच मोठा धरायला हवा, आणि वडीलधाऱ्यांचे म्हणणे खरे ठरते, भले त्यांनी दिलेले कारण अपुरे असो.

असे का होते हे समजायला अवघड नाही. फ्लशला एकाच रंगातल्या पाच निरनिराळ्या किमती लागतात, फुल हाऊसला दोनच पुरतात. एक किंमत कमी झाली की फ्लशचे प्रकार १,२८७ वरून ७९२ वर येतात, म्हणजे ३८ टक्क्यांहून अधिक घट. फुल हाऊसच्या किमतींच्या निवडी १५६ वरून १३२ वर, म्हणजे सुमारे १५ टक्केच घट. ओळीचे हात न वगळता दोन्हींचे गुणोत्तर काढले तर ते फार सुटसुटीत निघते : किमतींच्या संख्येतून अनुक्रमे दोन, तीन आणि चार वजा करून येणाऱ्या तीन आकड्यांचा गुणाकार, भागिले ७२०. तेरा किमतींना ११ × १० × ९ म्हणजे ९९०, म्हणून फ्लश जास्त. बारा किमतींना १० × ९ × ८ म्हणजे नेमके ७२०, म्हणून बरोबरी. सत्तीच्या खालची सगळी पाने काढून ३२ पानांवर खेळलात तर किमती आठ, गुणाकार ६ × ५ × ४ म्हणजे १२०, आणि फ्लश फुल हाऊसच्या एक षष्ठांशावर येतो. छक्कीपासून एक्क्यापर्यंतच्या ३६ पानांवर जो पोकर खेळतात, त्यात फ्लश सहसा फुल हाऊसच्या वर धरला जातो तो यामुळेच. ती कोणाची लहर नव्हे.

विषय सिंधुदुर्गातला निघालाच आहे, तर सावंतवाडीच्या गंजिफाचा हिशेब केल्यावाचून राहवत नाही. दशावतारी गंजिफात दहा रंग, प्रत्येकात बारा पाने, म्हणजे राजा, प्रधान आणि एक ते दहा, अशी १२० गोल पाने असतात. तो खेळ पाच पानांच्या हातांचा नाही हे मान्य, पण समजा कोणी पाच-पाच पाने वाटलीच, तर फ्लश होतील ७,९२० आणि फुल हाऊस होतील ७,१२,८००, म्हणजे नव्वदपट! किमती बाराच राहिल्या, पण रंग चाराचे दहा झाले. तेव्हा एका किमतीची तीन पाने १२० प्रकारे आणि दोन पाने ४५ प्रकारे मिळू लागली. तिथे फुल हाऊसला मोठे म्हणणारा वेडाच ठरेल.

राहता राहिला एक प्रश्न, जो दरवर्षी कोणीतरी विचारतोच : कॅटमधले एखादेच पान हरवले असेल तर? समजा बदामची पंजी गेली. मोजणी किचकट वाटते, पण तशी नाही. पूर्ण कॅटमध्ये सगळी पाने एकाच न्यायाने वागतात. प्रत्येक पान ३,७४४ पैकी ३६० फुल हाऊसमध्ये असते, आणि ओळीचे धरून ५,१४८ पैकी ४९५ फ्लशमध्ये. म्हणून एक पान गेले की फुल हाऊस ३,३८४ उरतात आणि फ्लश ४,६५३. दोन्ही एकाच प्रमाणात घटतात, ओळीचे हात वगळले तरी फ्लश ४,६१८ राहतात, आणि क्रम हलत नाही. हरवलेले पान दुर्री असो वा राजा, फुल हाऊस आणि ओळीचे धरून फ्लश यांचा हा हिशेब तोच, ओळीचे वगळले तर फ्लशच्या आकड्यात दोन-तीनांचाच फरक पडतो. तेव्हा एका पानासाठी नवा कॅट आणायला कोणी बाजारात धावू नये. पण मेंढीकोट संपला की पाटाखालच्या चारही दुर्र्या परत मिसळाव्यात, किंवा पाने वाटण्याआधीच फ्लश मोठा असे जाहीर करावे.