अंतिम इशारा, क्रमांक पाच

तुमचा पोटकंत्राटदार तीन महिने जागेवर फिरकलेला नाही आणि आता तुम्हाला त्याला काढायचं आहे. उत्तम. आमच्या बेळगाव-खानापूर पट्ट्यात या कामाची एक रीत ठरलेली आहे. मी बारा वर्षं एका कंत्राटदाराच्या ऑफिसात जावक रजिस्टर सांभाळलं, त्यामुळे ती मला तोंडपाठ आहे. ही रीत पाळलीत तर पोटकंत्राटदार नक्की जाईल. जाताना तुमचे पैसेही घेऊन जाईल, एवढंच.

समजा, खानापूर तालुक्यात सहा किलोमीटर रस्त्याचं काम तुमच्याकडे आहे. कडेची गटारं आणि मोऱ्या तुम्ही ४८ लाखांना पोटकंत्राटात दिल्या. वर्क ऑर्डर ४ नोव्हेंबरची. करारातलं कलम ७.२ सांगतं की वर्क ऑर्डरच्या तारखेपासून १४ दिवसांत एक जेसीबी, दोन मिक्सर, एक सुपरवायझर आणि वीस माणसं जागेवर हजर पाहिजेत. म्हणजे १८ नोव्हेंबर. बँक गॅरंटी घेऊन तुम्ही ४ लाख ८० हजारांची उचलही दिलीत. १८ तारखेला जागेवर दोन म्हशी होत्या, आणि त्याही वाट चुकलेल्या.

आता पहिलं पत्र लिहायचं. त्यात कलम ७.२ चा उल्लेख चुकूनही करू नका. वीस माणसं ठरली होती आणि शून्य आली, हेही लिहू नका, आकडे लिहिले की माणूस दुखावतो. ‘आपण कामाकडे गांभीर्याने लक्ष द्यावे व तातडीने यंत्रसामग्री पाठवावी, अन्यथा करारातील संबंधित तरतुदींनुसार योग्य ती कारवाई करण्यात येईल’ एवढं पुरे. संबंधित म्हणजे कोणत्या, योग्य म्हणजे कोणती, हे तुम्हालाही ठाऊक नसतं आणि त्यालाही नसतं. पुढे लवादापुढे प्रकरण गेलं की त्याचा वकील हेच पत्र हातात धरून विचारतो, यात माझ्या अशिलाचा नेमका कोणता भंग सांगितला आहे? तेव्हा सगळे तुमच्याकडे बघतात.

पत्र इंग्रजीत हवं, हे सांगायला नकोच. पाटी कुठल्या भाषेत असावी यावर आपल्या भागात मोर्चे निघतात, पण नोटीस इंग्रजीत असावी यावर सगळ्यांचं एकमत आहे. तुम्ही मराठीत विचार करता, तो निपाणीकडचा, मराठीतच वाचतो, मुकादम कन्नडमध्ये हिशेब ठेवतो, आणि तिघांमध्ये पत्र फिरतं ते ‘विदाउट प्रेज्युडिस’ने सुरू होणारं.

पत्र गेलं की त्याचा फोन येतो. कारणं ऐकून घ्या. ती खोटी नसतात, तेच त्यांचं बळ आहे. नोव्हेंबरात कारखान्यांचे गाळप सुरू झालेले, टोळी ऊसतोडीला गेलेली. मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीची यल्लम्मा, मग पौष, मग माघ. मार्चमध्ये वर्षअखेर, एप्रिल-मेमध्ये लग्नं, मग वळीव, आणि मिरग लागला की खानापूरच्या पावसात गटार खणायचं कुणी मनात आणत नाही. या पंचांगात काम करायला दिवस नाही. पण हे सगळं ४ नोव्हेंबरला सही करतानाही त्याला माहीत होतं, असं पत्रात लिहिणं म्हणजे माणुसकी सोडणं.

२ डिसेंबरला तो एक जेसीबी पाठवतो. जेसीबी दोन दिवस माती ओढतो आणि तिसऱ्या दिवशी नाहीसा होतो. तुम्ही आनंदाने फोटो काढा, ग्रुपवर टाका आणि लिहा, ‘काम सुरू झाले, धन्यवाद’. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ५५ इथं मोठं गमतीचं आहे. वेळ हा कराराचा गाभा असेल आणि समोरच्याने वेळेवर काम केलं नाही, तर तुम्ही करार रद्द करू शकता. पण उशिरा आलेलं काम तुम्ही स्वीकारलंत आणि स्वीकारतानाच ‘नुकसानभरपाईचा हक्क राखून ठेवतो’ असं कळवलं नाहीत, तर त्या उशिराची भरपाई मागता येत नाही. त्या दिवशी दोन ओळी लिहायच्या होत्या: एकच जेसीबी आला, मिक्सर नाही, सुपरवायझर नाही, माणसं नाहीत, हे कलम ७.२ चं पालन नाही, हक्क राखून ठेवले आहेत. तुम्ही लिहिलंत धन्यवाद. हाताला वळण चांगलं आहे तुमच्या.

यानंतर ‘अंतिम इशारा’ द्यायला सुरुवात करा. ९ डिसेंबरला पहिला अंतिम इशारा: १६ तारखेपर्यंत या. १६ गेली. मग बैठक, चहा, ‘१ जानेवारीपासून पक्कं बघा साहेब’. ६ जानेवारीला दुसरा अंतिम इशारा: १५ पर्यंत या. माझ्या रजिस्टरात एकाच माणसाच्या नावापुढे ‘अंतिम’ असा शेरा पाच वेळा आहे, आणि पाचव्या पत्रात ‘ही शेवटची संधी समजावी’ हे वाक्य दोनदा आलं आहे. दर अंतिम इशाऱ्याने तुम्ही नवी तारीख देता. मूळ १८ नोव्हेंबर कधीच मेली. कुणी विचारलं तर तो सांगेल की मुदत स्वतः मालकानेच वाढवली, ९ डिसेंबरला वाढवली, ६ जानेवारीला वाढवली, मग अचानक ३ फेब्रुवारीला काढलं. मुदतवाढीची तरतूद आणि उशिरासाठी दंड, ही दोन्ही करारात असली की वेळ हा गाभा नव्हताच असा अर्थ निघू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्येच हिंद कन्स्ट्रक्शनच्या खटल्यात सांगून ठेवलं आहे. तुमच्या करारात ती दोन्ही कलमं आहेत. बघितलं नव्हतं ना? बरोबर, पाहायची नसतात.

वेळ पुन्हा गाभा करायची असेल तर एकच रूक्ष नोटीस लागते. ती कशी असते ते सांगतो, म्हणजे ती टाळता येईल.

करारात कलम १५.१ म्हणतं की पोटकंत्राटदार ७.२ प्रमाणे जागेवर आला नाही तर त्याला लेखी नोटीस द्यायची, आणि नोटीस मिळाल्यापासून ७ दिवसांत त्याने चूक दुरुस्त करायची. तसं झालं नाही तर १५.२ खाली करार संपवता येतो. वकिलाच्या सल्ल्याने कुणी आगाऊ माणूस २० जानेवारीला लिहितो: ‘कलम ७.२ नुसार १८ नोव्हेंबरपर्यंत एक जेसीबी, दोन मिक्सर, एक सुपरवायझर व वीस कामगार अपेक्षित होते. आज तारखेस शून्य उपस्थित. आमची पत्रे २० नोव्हेंबर, ९ डिसेंबर व ६ जानेवारी. त्यांत दिलेल्या मुदतीही संपल्या. यापुढे वेळ हा कराराचा गाभा राहील. ही कलम १५.१ खालील नोटीस आहे. मिळाल्यापासून ७ दिवसांत वरील सर्व हजर न झाल्यास कलम १५.२ खाली करार संपुष्टात आणण्यात येईल.’ विशेषणं नाहीत, नाराजी नाही, ‘खेदाने’ नाही. वाचायला मजा नाही.

पुढचा सापळा मोजणीचा. पत्र २० ला टाकलं म्हणून २७ ला मुदत संपली, असं तुमचा उत्साही अकाउंटंट सांगेल. त्याचं ऐका. कारण करारात ‘मिळाल्यापासून’ असं आहे, पोस्टाच्या पोचपावतीवर २२ जानेवारी आहे, तो दिवस सोडून पुढचे सात दिवस २३ ते २९ होतात, आणि २९ ची रात्र संपेपर्यंत त्याचा हक्क जिवंत असतो. २८ ला काढलंत तर तुमचीच नोटीस तुम्ही मोडलीत, आणि भंग करणारे आता तुम्ही. ३० ला काढणं कंटाळवाणं पण कायदेशीर. पत्ताही करारातल्या कलम २१ मधला वापरू नका. त्याच्या चिकोडीच्या मेव्हण्याच्या दुकानावर पाठवा, तिथे तो कधीतरी बसतो. शिवाय व्हॉट्सॲपवर दोन निळ्या खुणा आल्याच आहेत, करारात स्पीड पोस्ट आणि ईमेल लिहिलं असलं म्हणून काय झालं.

२९ च्या संध्याकाळी जागेवर जाऊन मोजणी करणं हा तर वेळेचा अपव्यय. एक मिक्सर आणि तीन माणसं, असा सुपरवायझरच्या आणि विभागाच्या इंजिनिअरच्या सहीचा कागद केलात तर त्याच्या वकिलाला बोलायला काय उरणार? त्याचंही घर आहे.

आणि जागा ताब्यात दिल्याचा कागद? तो तर नसलेलाच बरा. सुरुवातीच्या आठशे मीटरमध्ये ऊस उभा होता आणि रस्त्याच्या मध्यरेषेची आखणी तुम्ही डिसेंबरात केलीत. परस्परांच्या वचनांत तुमचं आधीचं राहिलं तर त्याला नंतरच्याबद्दल जाब विचारता येत नाही, ही करार कायद्यातली बाब त्याच्या वकिलाने पहिल्या पानावर लिहिली. तुम्हाला वाटत होतं, उरलेले पाच किलोमीटर दोनशे मीटर मोकळे होते की. होते. पण ते मोकळे होते, त्याला कोणत्या तारखेला दाखवले, याचा एकही कागद नव्हता.

तरीही तुम्ही काढलंतच, आणि दुसऱ्याच दिवशी बैलहोंगलहून दुसरा माणूस सहा लाख जास्त देऊन आणलात. हे सहा लाख पहिल्याकडून वसूल करायचे आहेत. विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम २० मध्ये २०१८ च्या दुरुस्तीने असं आलं आहे की दुसऱ्याकडून काम करून घेऊन खर्च मागायचा असेल तर आधी किमान तीस दिवसांची लेखी नोटीस हवी. करारात वेगळं ठरलेलं असेल तर गोष्ट वेगळी. तुमच्या करारात त्याच्या जोखमीवर आणि खर्चावर काम करून घेण्याचं कलम होतं, सतरावं. पण नोटिशीत तुम्ही ते लिहिलं नाहीत, सतरा नंबर अशुभ वाटला असेल.

राहिली बँक गॅरंटी. ती ३१ जानेवारीपर्यंत होती. मागणीचं पत्र मुदतीच्या आत, गॅरंटीतल्याच शब्दांत, त्याच शाखेत पोहोचावं लागतं. करार ३० ला संपवून त्याच दिवशी ते देता आलं असतं. तुम्ही ३ फेब्रुवारीला गेलात. मॅनेजरने चहा दिला, साखर कमी चालेल का विचारलं, आणि तारखेवर बोट ठेवलं. बाहेर आलात तेव्हा फोनवर त्याचा मेसेज होता: ‘साहेब नमस्कार. टोळी उद्या पक्की येत्या. ॲडव्हान्सचं जरा बघा की ओ.’