नरो वा, कुंजरो वा, #sp

अभिनंदन! ब्रँडचा तो मेल शेवटी तुमच्याही इनबॉक्समध्ये येऊन पडला. इअरफोनची एक जोडी फुकट, एका पोस्टचे आणि एका स्टोरीचे पैसे वेगळे, शिवाय तुमच्या नावाचा सवलतीचा कोड. त्या कोडवरून जी खरेदी होईल तिच्यावर कमिशन. बदल्यात तुम्हाला फक्त इअरफोन आवडायला हवेत, आणि ते तर तुम्हाला खोकं उघडायच्या आधीच आवडलेले आहेत.

अडचण एकच आहे. हा व्यवहार वाचणाऱ्याला सांगावा लागतो, आणि तोही त्याला कळेल असा. आता एवढी मेहनत करून जमवलेल्या फॉलोअर्सना ‘मी पैसे घेतलेत’ असं तोंडावर सांगायचं म्हणजे काय? ताकाला जाऊन भांडं लपवण्याची आपली परंपरा मोठी आहे. ती कॅप्शनमध्ये कशी जपायची, एवढंच आज बघू.

सुरुवात जागेपासून करा. फोनवर लांब कॅप्शन पूर्ण दिसत नाही. पहिल्या दोन-तीन ओळी दिसतात, मग तीन टिंबं आणि ‘more’. बहुतेक लोक त्यावर बोट ठेवत नाहीत, पुढे सरकतात. हा शोध तुम्ही लावायची गरज नाही, सरकारी खर्चाने लागलेला आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एप्रिल 2017 मध्ये नव्वदहून अधिक पत्रं इन्फ्लुएन्सर्सना आणि कंपन्यांना धाडली. इन्स्टाग्रामवर फोनमधून बघणाऱ्याला साधारण पहिल्या तीनच ओळी दिसतात, म्हणून पैशाचा संबंध ‘more’च्या वरच सांगा, असं त्यात बजावलं होतं. आपल्याकडच्या अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने, म्हणजे ‘आस्की’ने, 2021 च्या नियमावलीच्या मसुद्यात तर पहिल्या दोनच ओळी धरल्या. कुठे लिहिलं की लोक वाचत नाहीत, हे दोन जबाबदार संस्थांनी मिळून तुम्हाला सांगून ठेवलंय. त्याचा लाभ घ्या.

म्हणजे कॅप्शन साधारण असं बेतायचं:

“खूप दिवसांपासून तुमच्याशी मनातलं बोलायचं होतं… गोंगाटात स्वतःचा आवाज हरवतो ना, तसं काहीसं झालं होतं. आणि मग एक छोटीशी गोष्ट आयुष्यात आली.”

इथे तीन ओळी संपल्या. वाचणाऱ्याने फोटो बघितला, तुमच्या कानातले इअरफोन बघितले, तुमचं हरवलेपण बघून थोडा हळहळला आणि लाइक देऊन गेला. त्याच्यापुरती ही एका माणसाने मनापासून केलेली शिफारस झाली. यानंतर दोन परिच्छेद शांततेवर लिहा. मग एक रिकामी ओळ, एक टिंब, आणखी एक रिकामी ओळ, आणि त्याखाली हॅशटॅगची रांग: #music #selfcare #mornings #peace #grateful #sp #soundlover #weekendvibes. यातलं सहावं नीट बघा, ‘स्पॉन्सर्ड’चं तोडकं रूप आहे ते. धर्मराजाने ‘कुंजरो वा’ हळूच म्हटलं तेव्हा निदान शंख तरी फुंकावे लागले होते. तुम्हाला तेवढाही खर्च नाही, #soundlover पुरतं.

आता शब्दाकडे वळू. #sp हा शब्द मला फार आवडतो. ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच तो कळतो, बाकीच्यांना ती टायपिंगची चूक वाटते. #spon आणि #collab हेही त्याच घराण्यातले. फेडरल ट्रेड कमिशनच्या 2019 च्या पुस्तिकेत असली तोडकी, मोघम रूपं वापरू नका असं या तिघांची नावं घेऊन लिहिलंय. नुसतं ‘थँक्स’ किंवा नुसतं ‘अ‍ॅम्बॅसॅडर’ही चालणार नाही, असंही आहे. यादी तयारच मिळाली, तुम्ही फक्त निवड करायची. माझं मत विचाराल तर आभार सगळ्यात सोज्ज्वळ. “@brand चे मनापासून आभार!” लिहिलं की तुम्ही कृतज्ञ दिसता. कशाबद्दल कृतज्ञ, हे विचारणं वाचणाऱ्याला असभ्यपणाचं वाटतं. मात्र चुकूनसुद्धा “फुकट इअरफोन दिल्याबद्दल आभार” असं लिहू नका. ‘फुकट इअरफोन’ हे दोन शब्द जोडले की सगळं उघड होतं, आणि तसं ते नियमातही बसायला लागतं.

कॅप्शन मराठीत असेल तर खुलासा इंग्रजीत ठेवा. ज्या भाषेत शिफारस त्याच भाषेत खुलासा असावा, असा संकेत आहे. पण मनातलं बोलायला मायबोली आणि पैशाचं बोलायला परभाषा ही वाटणी आपल्याला सवयीची आहे. ‘जाहिरात’ हा शब्द पहिल्या ओळीच्या सुरुवातीला आला की आजीलासुद्धा कळतं. नेमकं तेच टाळायचं आहे.

पैसे न घेता नुसतीच वस्तू घेतली असेल, ज्याला धंद्यात ‘बार्टर’ म्हणतात, तर तुम्ही आणखी निर्धास्त. “मी कुठे पैसे घेतले?” असं छातीवर हात ठेवून म्हणता येतं. फुकटची वस्तू, प्रवास, सवलत, नातं, नोकरी हे सगळं वाचणाऱ्याच्या दृष्टीने संबंधच असतं आणि सांगायला हवं, वगैरे नियमवाले म्हणत राहतात. तुम्ही “मला मिळाले” असं लिहा. कुणाकडून, कशासाठी, परत द्यायचे का, हे सगळं त्या एका क्रियापदाच्या पोटात गडप होतं.

कोडची तर गंमतच निराळी. “माझा कोड वापरा आणि पैसे वाचवा” हे वाक्य इतकं परोपकारी आहे की त्यातला तुमचा वाटा कुणाच्या लक्षातही येत नाही. वाचणाऱ्याला वाटतं, आपल्यासाठी बिचाऱ्याने कंपनीशी भांडून सवलत आणली. त्याला हे सांगायचं नाही की प्रत्येक खरेदीमागे तुमच्या खात्यात भर पडते, आणि म्हणून ‘आजच घ्या, स्टॉक संपतोय’ हे तुम्ही काळजीने म्हणत नाही आहात. कोड दिसला म्हणजे कमिशन आलंच, हे लोकांना कळतंच की, असं स्वतःला समजवा. कळत असेल तर सांगायला काय हरकत आहे, हा प्रश्न मनात येईल. त्याला दार उघडू नका.

कॅप्शनच्या शेवटी मात्र एक वाक्य ठळक असू द्या: “सगळी मतं माझी स्वतःची आहेत.” याने प्रामाणिकपणाचा घमघमाट सुटतो. मत तुमचंच आहे याबद्दल कुणाला शंका नव्हती, शंका होती ती त्याच्या किमतीबद्दल, आणि त्याबद्दल या वाक्यात अवाक्षर नाही. या ओळीत व्यवहार सांगितल्यासारखंही वाटतं आणि सांगावाही लागत नाही, म्हणून ती इतकी लोकप्रिय आहे.

अ‍ॅपची स्वतःची ‘Paid partnership’ पट्टी लावायला ब्रँडने सांगितलं तर लावा, आणि मग कॅप्शनमध्ये एक अक्षर लिहू नका. तुमच्या नावाखाली बारीक अक्षरांत ती असते, फोटोवर खिळलेली नजर तिथपर्यंत जाईलच असं नाही, आणि स्क्रीनशॉट कापून पुढे पाठवला की ती गळूनही पडते. पट्टी लावा पण तिच्यावर विसंबू नका, स्वतःच्या शब्दांतही लिहा, असं नियमवाले म्हणतात. दोनदा सांगायचं म्हणजे उगाच पाल्हाळ.

स्टोरीत पांढऱ्या भिंतीवर पांढरी अक्षरं. रीलमध्ये खुलासा फक्त कॅप्शनमध्ये, चित्रात नको. आस्की पंधरा सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत निदान तीन सेकंद लेबल मागते, दोन मिनिटांच्या आतल्यात एकतृतीयांश वेळ. पहिल्या चौकटीत चमकवून गायब करा. कुणी मोजत बसलंय?

आता धोक्याची सूचना. काही कच्चे लोक पुढीलप्रमाणे लिहितात आणि सगळ्या कलेचं मातेरं करतात:

“जाहिरात. हे इअरफोन कंपनीने मला फुकट दिले आणि या पोस्टचे पैसेही दिले. खालच्या कोडवरून घेतलेत तर मला कमिशन मिळतं. आठवडाभर वापरले. आवाज आवडला. कॉलवर वारा असला की समोरच्याला माझं नीट ऐकू जात नाही.”

बघा, किती थोडक्यात घात होतो. पहिल्याच शब्दाला वाचणारा सावध झाला. दुसऱ्या वाक्यात त्याला वस्तू आणि पैसे दोन्ही कळले, तिसऱ्यात कोडचं गुपित फुटलं, आणि हे सगळं ‘more’च्या आधीच. वर माणूस वाऱ्याची तक्रार करून मोकळा, त्यामुळे आवाजाबद्दलचं कौतुकही खरं वाटायला लागतं. ब्रँडच्या मॅनेजरने हा मजकूर “थोडा ऑर्गॅनिक करूया का?” म्हणत परत पाठवला नाही तर नवलच. असा मेल आला की समजा, लपवायचा पदार्थ त्यांनाही ओळखता आला. मान डोलवा आणि ‘जाहिरात’ खाली ढकला. पोस्ट तुमच्या नावाने जाते, त्यामुळे सांगायची जबाबदारीही तुमच्याकडेच येते, हा तपशील मेलमध्ये नसतो.

याहून पुढची पायरी म्हणजे न वापरता लिहिणं. कंपनीचा कागद म्हणतो बॅटरी दोन दिवस चालते, तुमची संध्याकाळीच मेली. “माझी दोन दिवस आरामात जाते!” असं लिहून टाका. इथे एक बारीक त्रास आहे: वर कितीही मोठ्याने ‘जाहिरात’ लिहिलं तरी खालचं खोटं खरं होत नाही, आणि न घेतलेला अनुभव सांगता येत नाही. म्हणून जाणकार दोन्ही एकदमच गाळतात, म्हणजे जुळवाजुळव करावी लागत नाही.

इतकं करूनही कमेंटमध्ये एखादी खवट व्यक्ती विचारतेच, “ही पेड पोस्ट आहे का?” हो म्हणू नका. नाही म्हणणं तर त्याहून वाईट, त्याचा स्क्रीनशॉट निघतो. कमेंट उडवली तर लोकांच्या लक्षात येतं. तिला फक्त एक लाल बदाम द्या आणि खालच्या “कोड चालत नाहीये” वाल्याला ताबडतोब, सविस्तर उत्तर लिहा.