‘ऐकू येतंय ना? मग लिहा नॉर्मल’

“कारखान्यात भरतीच्या वेळचा फिटनेस फॉर्म म्हणजे माणूस बाद करायचा बहाणा. बोललेलं ऐकू येतं, पाटी वाचता येते, जिना चढताना दम लागत नाही, एवढं बास. डॉक्टरांना ‘नॉर्मल’ लिहायला सांगा आणि सही करून मोकळे व्हा. काही असलंच तर पुढच्या वर्षीच्या तपासणीत कळेलच.”

हे मी नेहमी ऐकतो. पुढच्या वर्षी कळेल, पण कशाशी ताडून? सगळी मेख इथेच आहे. मी अशा तपासण्या करतो, त्यामुळे आधी कानाचंच सांगतो.

गोंगाटाने कान जातो तो बोलण्याच्या पट्टीतून सुरू होत नाही. पहिला खड्डा पडतो तो साधारण ४००० हर्ट्झच्या आसपास, बारीक, चिरक्या आवाजांच्या पट्टीत. बोलणं समजतं ते मुख्यतः त्याखालच्या पट्टीवर. म्हणून शांत खोलीत डॉक्टरांनी “नाव काय?” विचारलं की माणूस फटकन उत्तर देतो, आणि कान मात्र एव्हाना कुरतडला गेलेला असतो. ‘स’, ‘श’, ‘फ’ निसटू लागून घरचे “किती वेळा सांगायचं?” म्हणू लागतात, तोवर बराच उशीर झालेला असतो आणि गेलेलं परत येत नाही.

एक मुलगा आधीच्या ठिकाणची रात्रपाळी संपवून सकाळी थेट माझ्याकडे आला होता. बूथमध्ये बसवला, हेडफोन लावला. उजव्या कानाला २०००, ३००० आणि ४००० हर्ट्झवर जेमतेम ऐकू आलेला आवाज अनुक्रमे १५, २५ आणि ३५ डेसिबल; आकडा जितका मोठा तितका कान कमजोर. सरासरी २५. मी फॉर्म भरला नाही, दोन दिवस गोंगाटापासून लांब राहून यायला सांगितलं. वैतागला. परत आला तेव्हा आकडे होते १०, १५, २०. सरासरी १५. रात्रभराच्या आवाजाने कान तात्पुरता बधिर झाला होता. म्हणूनच पहिल्या तपासणीआधी किमान १४ तास गोंगाट नको असा दंडक आहे.

आता समजा तीन वर्षांनी त्याचे आकडे १५, २५, ४० आले. सरासरी जवळपास २७. याच तीन पट्ट्यांची सरासरी मूळ नोंदीपेक्षा १० डेसिबल किंवा जास्त वाढली तर धोक्याची घंटा, हा सर्रास वापरला जाणारा निकष. १५ शी ताडलं तर वाढ जवळपास १२ ची: लगेच ईअरप्लग नीट बसतात का बघायचं, कामाची जागा तपासायची. त्या सकाळचे २५ लिहून ठेवले असते तर फरक दोनचाही नाही, सगळं आलबेल. आणि नुसतं ‘नॉर्मल’ लिहिलं असतं तर वजाबाकी कशातून करणार? वर कोणीही म्हणायला मोकळा, “हा दोष तू येतानाच घेऊन आलास.”

फुप्फुसाचंही तसंच. जिना चढून काही कळत नाही, कारण फुप्फुसाची बरीच ताकद राखीव असते. स्पायरोमेट्रीत पूर्ण श्वास घेऊन जोरात, शेवटपर्यंत फुंकायचं असतं. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली हा त्यातला महत्त्वाचा आकडा. एखाद्याच्या वय-उंचीला ३.६ लिटर अपेक्षित असताना तो ४ लिटर फुंकतो. पाच वर्षांनी ३.२ वर आला तरी अपेक्षित आकड्याच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास, म्हणजे कागदावर ‘नॉर्मल’च. पण वयाने वर्षाला साधारण ३० मिलिलिटर जातात, पाच वर्षांत दीडशे. याचे गेले आठशे. फक्त आधी तीन फुंकरी तरी नीट आल्या पाहिजेत आणि त्यांतल्या सर्वांत चांगल्या दोन एकमेकींना जुळल्या पाहिजेत. अर्धवट फुंकरीचा आकडा म्हणजे निव्वळ शाई. धुळीच्या कामात छातीचा एक्स-रेही लागतो, कारण सिलिकोसिस, म्हणजे सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, सुरुवातीचा असेल तर फुंकर चांगली येऊ शकते.

डोळ्यांचं थोडक्यात: लांबची पाटी वाचणाऱ्याला हातातल्या मोजपट्टीवरच्या रेघा दिसतीलच असं नाही, आणि वायरींचे रंग ओळखायचे असतील तर ती तपासणी वेगळीच.

राहिलं ‘बाद करायचा बहाणा’. यात तथ्य आहे, नाही कशाला म्हणू? ज्या फॉर्मवर ‘योग्य’ आणि ‘अयोग्य’ अशा दोनच चौकटी असतात तो फॉर्मच वाईट. एक कान गेलेला माणूस बहुतेक कामं करतो. पण आवाज कुठल्या बाजूने येतोय हे त्याला नीट कळत नाही, म्हणून फोर्कलिफ्टच्या वाटेवर त्याला उभं करायचं नाही. तेव्हा तिसरी चौकट हवी: ‘या अटीवर योग्य’. व्यवस्थापनाकडे तेवढीच अट जावी, दुखण्याचा इतिहास डॉक्टरांकडे राहावा. आणि आकड्यांची प्रत कामगाराच्या हातात पडावी.

त्या मुलाच्या प्रतीवर मी आकड्यांखाली एक ओळ लिहिली होती: ‘शेवटचा गोंगाट ४८ तासांपूर्वी.’ त्याने घडी घालून ती पाकिटात ठेवली.