बदली तासांची वही

प्रार्थना संपते न संपते तोच शिपाईमामा एक लांबट वही घेऊन शिक्षककक्षात येतात. रजेवरच्या शिक्षकांचे तास त्या त्या वेळी मोकळ्या असणाऱ्यांच्या नावे पर्यवेक्षक त्या वहीत लिहितात आणि आम्ही मुकाट्याने सही करतो. आमचे भूगोलाचे सर वारंवार गैरहजर असल्यामुळे या विधीला खंड पडत नाही. काल मात्र त्या वहीत माझ्या नावापुढे त्या दिवसाच्या तासाखाली दुसऱ्या दिवसाचाही तास लिहिलेला दिसला.

"मामा, सर उद्या येणार नाहीत, हे आजच कसं कळलं?"

"कळलं नाही, बाई. सकाळी फार घाई होते, म्हणून आधीच लिहून घेतलंय."

"आणि ते आले तर?"

मामांनी खिशातून व्हाइटनरची बाटली काढली. "ही जूनमध्येच आणून ठेवलीय. अजून सील फोडायची वेळ आलेली नाही. तुम्ही सही करा, मला दहावीत खडू द्यायचाय."

सरांचा नववी ब चा तास तिसरा असतो. त्या वेळी कागदोपत्री तिघे मोकळे असतात. त्यांपैकी चित्रकलेचे सर कायम कोणत्या तरी समारंभाचा फलक रंगवत असतात, संस्कृतच्या बाईंना वही दिसताच पित्त होते, आणि उरते ती मी, कारण मी कुरकुर करत नाही, असा माझा लौकिक आहे. खरी मेख अशी की वही तारखेनुसार भरली जाते, त्यामुळे आज कोण गेले हे तिच्यात सापडते, पण महिनाभरात कोण किती वेळा गेले, हे कोणीच मोजत नाही. शेवटच्या पानावर नावे लिहून बदली तासांची चालती बेरीज ठेवावी, मोकळ्यांपैकी ज्याची बेरीज सर्वांत कमी त्याला तास द्यावा आणि रजा आधीपासून ठाऊक असेल तर रजा घेणाऱ्याने तासाच्या बदल्यात तास द्यावा, असे मी पर्यवेक्षकांना सुचवले. अचानक आलेल्या आजारपणाला ही अदलाबदल लागू नसावी, हेही सांगितले. "बेरजा मांडल्या की माणसं दुखावतात," असे म्हणून त्यांनी वही मिटली. माझ्या दुखावण्याला बहुधा बेरीज लागत नसावी.

यातला कडू भाग असा की आम्ही तास भरून काढतो म्हणूनच सरांची गैरहजेरी कोणाला जाणवत नाही. वर्गात गोंगाट नाही, पालकांची तक्रार नाही आणि मासिक सभेत "भूगोलाचा अभ्यासक्रम वेळेवर" अशी शाबासकी सरांच्या नावे नोंदवली जाते. मराठीची शिक्षिका असूनही मी नववी ब ला अंतर्गत हालचाली शिकवल्या, त्या मात्र कुठेच नोंदलेल्या नाहीत.

आज सर आले. मामांनी सील फोडून माझे नाव पांढरे केले. मधल्या सुट्टीत सर माझ्या टेबलाशी येऊन काळजीच्या सुरात म्हणाले, "बाई, नकाशावाचनात मुलं फारच कच्ची राहिली आहेत. तुम्ही तेवढा भाग नीट घेतला नाहीत का?"