पांढरा शर्ट मळाने जात नाही, तो आपल्या धुण्याने जातो

मी गेली एकोणीस वर्षे जिल्हा न्यायालयात वकिली करतो. काळा कोट, पांढरा बँड आणि पांढरा सुती शर्ट हा माझा रोजचा वेष आहे, आणि कोटाखाली दिवसभर घाम येत असल्यामुळे काखेतले पिवळे डाग व कॉलरवरची काळपट रेघ यांच्याशी माझी जुनी ओळख आहे. सुरुवातीची बरीच वर्षे मी हे डाग दुकानात मिळणाऱ्या क्लोरीनच्या ब्लीचने काढत असे. डाग फिके होत, परंतु वर्षभरात शर्ट काखेत विरत असे आणि कॉलरच्या घडीवर धागे सुटत. हा दोष कापडाचा नसून माझ्या पद्धतीचा होता, असे आता माझे स्पष्ट मत आहे.

मुळात हे दोन डाग वेगवेगळे आहेत आणि त्यांना एकच औषध लावणे ही पहिली चूक आहे. कॉलरवरचा मळ म्हणजे मानेच्या त्वचेतले तेल, मृत त्वचेचे कण आणि रस्त्यावरची धूळ; तो तेलाने धरून ठेवलेला असतो. काखेतला पिवळा डाग बहुतेक वेळा घामातली प्रथिने, त्वचेचे तेल आणि घाम रोखणाऱ्या डिओडरंटमधले ॲल्युमिनियमचे क्षार यांच्या संयोगातून तयार होतो. तो जुना झाला की त्या जागी कापड हाताला कडक लागते. अशा डागावर क्लोरीनचे ब्लीच टाकले, तर प्रथिनांवर त्याची क्रिया होऊन पिवळेपणा उलट वाढू शकतो, आणि त्याच वेळी सुताचा गाभा असलेले सेल्युलोज हळूहळू तुटत जाते. सुरकुत्या न पडणाऱ्या शर्टांच्या बाबतीत तर हे अधिकच वाईट, कारण त्यांच्यावरची राळेची प्रक्रिया क्लोरीन धरून ठेवते आणि इस्त्री फिरली की कापड पिवळे पडते.

गेल्या महिन्यात कपाटाच्या तळाशी दोन वर्षे पडलेला एक शर्ट मी काढला, त्याचे उदाहरण सांगतो. आधी कॉलर. ती कोरडी असतानाच भांडी घासण्याच्या द्रवाचे चार-पाच थेंब मळाच्या रेघेवर बोटाने पसरले, कारण पाणी आधी लागले तर तेलापर्यंत साबण नीट पोहोचत नाही. वीस मिनिटांनी जुन्या, मऊ दातघासणीने रेघेच्या दिशेने हलकेच फिरवले आणि कोमट पाण्याने धुतले. कपडे घासण्याचा कडक ब्रश येथे मी कधीच वापरू देत नाही; कॉलरची घडी आधीच झिजलेली असते, ब्रश मळाबरोबर धागाही नेतो.

मग शर्ट उलटा केला, कारण डाग आतून बाहेर येतो. एक वाटी पांढरे व्हिनेगर आणि दोन वाट्या पाणी एकत्र करून काखेचा भाग त्यात अर्धा तास बुडवला, म्हणजे ॲल्युमिनियमचे क्षार सैल होतात. त्यानंतर दोन-तीन पाण्यांत नीट खळबळून काढला. हे खळबळणे महत्त्वाचे आहे: आम्ल कापडात राहून वाळले तर सूत कमजोर होते, आणि घरात क्लोरीनचे ब्लीच असेल तर त्याला व्हिनेगर लागताच विषारी वायू सुटतो. ही दोन्ही एकत्र कधीही करू नयेत.

शेवटी प्लास्टिकच्या बादलीत चार लिटर पाणी घेतले, हाताला सोसवेल इतके गरम, त्यात सोडियम परकार्बोनेटचे दोन मोठे चमचे पूर्ण विरघळवले आणि मगच शर्ट त्यात टाकून तीन तास भिजवला. ही पूड पाण्यात विरघळल्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा देते; पिवळा रंग तेच फोडते आणि सुताला क्लोरीनपेक्षा पुष्कळ सौम्य असते. रेशीम व लोकर मात्र तिच्यात घालू नये. आणखी एक अट म्हणजे लोखंडाची बादली नको, गंजाचे डाग असलेला कपडा नको. लोह पेरॉक्साइडची क्रिया एकाच जागी भडकवते, आणि तिथे काही काळाने बारीक भोक पडते. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर भिजवण्यासाठी लोह नसलेले दुसरे पाणी घ्यावे.

भिजलेल्या शर्टावर डाग नेहमीच फिका दिसतो, म्हणून निकाल सावलीत वाळल्यावरच पाहावा आणि तोपर्यंत इस्त्री लावू नये; उष्णतेने उरलेला डाग पक्का बसतो. माझ्या शर्टाची कॉलर पहिल्याच धुण्यात स्वच्छ झाली. काखेत फिकट छटा राहिली, ती दुसऱ्या वेळी भिजवल्यावर आणखी कमी झाली. त्यानंतर मी काखेचा भाग खिडकीसमोर उजेडात धरून पाहिला. वीण बाजूच्या कापडापेक्षा विरळ दिसू लागली होती, ती बहुधा जुन्या ब्लीचची देणगी होती. छटा अजून जवळून दिसते. तरीही तिसऱ्यांदा भिजवायचे नाही, असे मी ठरवले आणि शर्ट आहे तसाच कोटाखाली घालू लागलो.