नातवाला पाठवायचा व्हिडिओ मी आधी लिहून काढते

नातू कॅन्ससला असतो. व्हिडिओ कॉलवर ‘जेवलास का, थंडी आहे का’ झालं की तो पळतो. त्यात त्याची चूक नाही, आपण त्याला ऐकण्यासारखं काही देतच नाही. म्हणून आता मी दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ पाठवते, तो पुन्हा पुन्हा बघतो. आधी वहीत लिहून काढते, नाहीतर बोलताना गाडी हमखास उपदेशावर घसरते. ‘आमच्या वेळी असं होतं, तुम्हाला किंमत नाही’ हे वाक्य आलं की पोर कान बंद करतं. तेवढं गाळून नुसतं काय घडलं ते सांगायचं. आणि मराठीतच सांगायचं, शब्द अडला तर बापाला विचारेल. या वेळचं लिहिलेलं असं:

“सोन्या, ही बघ घुंगरमाळ. वाजवते हं, ऐक. ही आमच्या सर्जाची, आमच्या बैलाची. १९७२ साली पाऊसच आला नाही. मी तेव्हा तुझ्याएवढी होते. चारा संपला, म्हणून माझ्या आण्णांनी सर्जाला बाजारात विकला. येताना त्याच्या गळ्यातली माळ तेवढी सोडून आणली. त्या रात्री आण्णा जेवले नाहीत.

मग आई आणि आण्णा दुष्काळी कामावर जायला लागले, पाझर तलावाचं काम होतं. आण्णा खोदायचे, आई पाटीनं माती वाहायची. आम्हा पोरांना तिथं सुकडी मिळायची, गोड पिठासारखी. मी फ्रॉकच्या ओच्यात घेऊन धाकट्याला आणायची.

आणि रेशनवर यायची मिलो, लाल ज्वारी. कुठून माहितीये? तू राहतोस ना, त्या अमेरिकेतून! तिची भाकरी थापली की कडेला चिरायची आणि उचलताना तुटायची. आपल्या ज्वारीसारखा चिकटपणा नव्हता तिला. मग आई पाणी खळखळ उकळायची, ते पिठात ओतून उलथन्यानं हलवायची, जरा निवलं की तळहातानं मळत बसायची. तेव्हा कुठे भाकरी एकसंध तव्यावर पडायची. रंग विटकरी, चव तुरट. मी रडायचे, तर आई पहिला घास चटणीत बुडवून भरवायची. तुझा बाबा लहानपणी भाकरीला नाक मुरडायचा, त्यालाही मी तसंच भरवलंय. विचार त्याला!

बाबा सांगत होता, तुमच्याकडे ज्वारीची शेतं आहेत. आपली शाळू माणसाच्या डोक्यावर जाते. तुमची केवढी असते? एकदा शेताच्या कडेला उभा राहून फोटो काढ. तुझ्या कमरेला येते की डोक्यावर जाते, मला बघायचंय. कणसाचा रंगही सांग. लाल असेल तर मी ओळखेन. पापा घे माझा.”

सूनबाई म्हणाली, बैल विकल्याचं नको, पोर रडेल. मी ते ठेवलंय. नऊ वर्षांच्या मुलाला तेवढं कळतं, आणि आण्णांची ओळख त्याला दुसऱ्या कशानं करून देणार? उद्या सकाळी खिडकीसमोर बसून रेकॉर्ड करणार आहे.