उकडा भात, पोई आणि पहाटेचं चालणं

«डायबेटीस असला तरी आपल्या गोव्याच्या उकड्या तांदळाचा भात पोटभर खाल्ला तरी चालतो, साखर पांढऱ्या तांदळाने वाढते. पोई कोंड्याची, ती बाधत नाही. आणि पहाटे उपाशीपोटी तासभर चाललं की दिवसभराचं खाणं जिरतं.»

हा मजकूर प्रत्येक शिबिरात कोणीतरी मोबाइलवर दाखवतंच. आहारतज्ज्ञ म्हणून मी त्यावर बोलते तेव्हा आधी त्यातलं खरं मान्य करते, कारण तिन्ही वाक्यांत थोडं थोडं तथ्य आहे आणि त्यामुळेच माणसं फसतात.

भातापासून सुरुवात करू. उकडा तांदूळ करताना भात सालीसकट भिजवतात, वाफवतात, वाळवतात आणि मग सडतात. त्यात कोंड्यातलं ब जीवनसत्त्व काही प्रमाणात दाण्यात उतरतं आणि दाण्यातला स्टार्च जरा घट्ट होतो. असा भात पांढऱ्या सुरय तांदळापेक्षा थोडा सावकाश पचतो. लालसर, कमी सडलेला असेल तर आणखी बरं. पण दोन भातांची अशी तुलना करताना दोन्हीकडे पिष्टाचं प्रमाण सारखंच धरलेलं असतं. एकाच्या ताटात दीड वाटी आणि दुसऱ्याच्या ताटात चार वाट्या असतील, तर तांदळाच्या जातीचा फायदा तिथेच संपतो.

आमच्या टेबलावर एक थाळा, शिजवलेला उकडा भात आणि 150 मिलीची साधी स्टीलची वाटी असते. डिचोलीजवळच्या गावातले, दुकान चालवणारे चोपन्न वर्षांचे एक गृहस्थ आले होते. मेटफॉर्मिनची गोळी दोन वेळा चालू. उपाशीपोटी साखर 138, दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी 264. «मॅडम, गोड मी चहातसुद्धा घेत नाही,» ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. त्यांना म्हटलं, घरी वाढून घेता तसा भात या थाळ्यात वाढा. त्यांनी डावाने तीनदा घेतला, मध्ये कडीसाठी खळगा केला. तोच भात मी न दाबता वाटीने मोजला, तर चार वाट्या भरल्या. त्यांच्या पत्नी शेजारीच होत्या. म्हणाल्या, «आणि कडी उरली की वर आणखी एक डाव.»

एक वाटी भात म्हणजे साधारण 100 ग्रॅम, त्यात 25 ते 28 ग्रॅम पिष्ट. चार वाट्यांत शंभराच्या वर. या वयाच्या, बैठं काम करणाऱ्या माणसाच्या एका जेवणात सगळं मिळून 45 ते 60 ग्रॅम पिष्ट आम्ही धरतो. म्हणजे नुसत्या भातानेच जवळजवळ दोन जेवणं झाली होती. चहातली साखर सोडून काय फरक पडणार?

त्यांचं ताट आम्ही असं बसवलं: दीड वाटी सपाट भरलेला उकडा भात, एक वाटी तांबडी भाजी, काकडीच्या चकत्या, बांगड्याचे दोन तुकडे आणि एक वाटी हुमण. सोमवारी किंवा गुरुवारी मासे नसतील तेव्हा त्याजागी मुगागाठी, पण मुगातही पिष्ट असतं म्हणून त्या दिवशी भात एकच वाटी. कडी वाटीतच ठेवायची, भातावर ओतायची नाही. कडी पसरली की आणखी भात लागतो. आधी भाजी आणि मासे अर्धेअधिक संपवायचे, मग भाताला हात लावायचा. हा क्रम पाळला की जेवणानंतरची साखर एकदम चढत नाही. बटाटा, कणगी, निरफणसाचे काप भाजीत मोजायचे नाहीत. ते ताटात आले तर तेवढा भात कमी. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मासे आणि कडधान्यांचं प्रमाण मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

दहा वाजताच्या पेजेचाही हिशेब लागतो. पेज पातळ असते म्हणून ती हलकी वाटते, पण मऊ शिजलेला दाणा लवकर पचतो. त्यांच्या वाडग्यात तळाला दीड वाटी शितं निघाली. ती पाऊण वाटीवर आणली आणि सोबत भिजवलेले चणे दिले. गोळ्या त्याच ठेवल्या होत्या. दोन आठवड्यांनी जेवणानंतरचा आकडा 190 च्या आसपास आला. हे एका माणसाचे आकडे आहेत, तुमचे वेगळे येतील; पण बदल कुठे करायचा ते यातून दिसतं.

पोईबद्दल थोडक्यात. पोई फोडून आतला भाग बघा. आत तपकिरी आणि खरखरीत असेल तर गव्हाचं पीठ आणि कोंडा खरोखर आहे. आत पांढरीशुभ्र असेल तर मैदा आहे, कोंडा वरून भुरभुरवलेला. कोंड्याची असली तरी साठ ग्रॅमच्या एका पोईत 30 ग्रॅमच्या आसपास पिष्ट असतं, म्हणजे वाटीभर भातापेक्षा थोडं जास्तच. न्याहारीला एक पोई आणि वाटीभर उसळ ठीक आहे. पातळभाजीतला बटाटा आणि दोन पोया मात्र नकोत.

आता चालणं. साठ-सत्तर किलोचा माणूस तासभर बऱ्यापैकी चालला तर 200 ते 250 कॅलरी खर्च होतात. म्हणजे दोन वाट्या भात, दिवसभराचं खाणं नव्हे. पहाटेचं चालणं वाया जात नाही. त्याने इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद पुढे दिवसभर सुधारतो. पण जेवणानंतर चढणारी साखर उतरवायची असेल तर जेवणानंतरच चाललेलं बरं. चालताना पायाचे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर आत ओढतात. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाने 2016 मध्ये टाइप 2 च्या रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसातून कधीही एकदा 30 मिनिटं चालण्यापेक्षा प्रत्येक मुख्य जेवणानंतर 10 मिनिटं चालल्याने जेवणानंतरची साखर सरासरी 12 टक्के कमी राहिली, रात्रीच्या जेवणानंतर 22 टक्के.

म्हणून डिचोलीच्या त्या गृहस्थांना आम्ही पहाटेचा तास अर्ध्यावर आणायला सांगितला आणि दुपारी व रात्री जेवून हात धुतल्यावर पंधरा मिनिटं ठेवली. वेग असा की बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. पावसाळ्यात ओसरीवर किंवा बाल्कांवमधल्या मोकळ्या जागेत फेऱ्या चालतात. मिरामारच्या वाळूत अनवाणी मात्र नको. तळव्यांना बधिरपणा असेल तर शिंपला लागलेला कळत नाही. चप्पल-बूट घाला आणि रात्री दोन्ही तळवे बघा. चालताना छातीत दाटलं किंवा दम लागला तर थांबा आणि लगेच दवाखाना गाठा.

उपाशीपोटी चालण्याचा धोका सगळ्यांना सारखा नसतो. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर साखर सहसा फार खाली जात नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारखी गोळी असेल तर जाऊ शकते. हात थरथरणं, घाम, धडधड, अचानक खाखा सुटणं ही लक्षणं दिसली की चालणं थांबवून तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी तपासा, 70 च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढीच घ्या. साखरेची पुडी खिशात ठेवा. असं दोनदा झालं तर गोळीचा डोस डॉक्टरांकडून बदलून घ्या. स्वतः गोळी बंद करू नका. आणि पुढच्या तपासणीला येताना एकाच जेवणाच्या आधीचा आणि दोन तासांनंतरचा असे दोन आकडे, त्या दिवशी किती वाट्या भात होता हे शेजारी लिहून आणा.